मर्यादा लिहिताना आकडा कोणत्या बाजूला झुकतो ते सांगावे

«बीड जिल्ह्यातील एका गावात गरोदर मातांच्या लोहगोळ्यांच्या सेवनावर एम.एस.डब्ल्यू.चा लघुप्रबंध करते आहे. पाहणी जानेवारीत झाली, बरीच घरे बंद होती. मर्यादा खऱ्या लिहिल्या तर निष्कर्षच कोलमडतील अशी भीती वाटते. किती लिहावे?»

आपला प्रश्न वाचून माझाच जुना अहवाल आठवला. आमच्या संस्थेच्या संशोधन कक्षाने ऊसतोडीला गेल्यामुळे पाहणीत न भेटलेल्या कुटुंबांबद्दलचे वाक्य काढायला लावले आणि त्याजागी ‘नमुना लहान होता, वेळ अपुरा होता’ हा ठरलेला परिच्छेद घालून दिला. बाह्य परीक्षकांनी नेमके त्याच कुटुंबांविषयी विचारले, अहवाल परत आला आणि एक सत्र वाया गेले. तो परिच्छेद, माझ्या मते, कोणत्याही अहवालाला चिकटवता येतो आणि म्हणूनच निरुपयोगी असतो.

मर्यादा संपूर्ण अहवालाला न लावता एकेका निष्कर्षाला लावावी. समजा, यादीत 100 माता होत्या, 70 भेटल्या आणि त्यांपैकी 49 जणींनी गोळी नियमित घेत असल्याचे सांगितले, तर 70 टक्के हा आकडा फक्त भेटलेल्या मातांचा आहे. न भेटलेल्या तीस जणींपैकी कोणीच गोळी घेत नसेल तर यादीतील प्रमाण 49 टक्के, सगळ्या घेत असतील तर 79 टक्के. ही दोन्ही टोके लिहावीत आणि बंद घरांतल्या माता ऊसतोडीला गेल्या असतील तर, फडावर राहणाऱ्या मातेला गावच्या अंगणवाडीतून गोळ्या मिळणे कठीण असल्याने खरा आकडा 70 पेक्षा कमी असण्याची शक्यता अधिक आहे, हेही सांगावे. मुलाखतीच्या वेळी अंगणवाडी सेविका शेजारी बसली असेल तर ‘घेते’ म्हणण्याकडे कल वाढतो, त्यामुळे 49 हीसुद्धा खात्रीची खालची मर्यादा ठरत नाही.

मात्र याच कारणाने एखादा दुसरा निष्कर्ष बळकटही होतो. मळमळ किंवा बद्धकोष्ठतेमुळे गोळी सोडली, असे ज्या मातांनी सेविकेसमोर सांगितले असेल, त्या तिला बरे वाटावे म्हणून तसे बोलल्या असण्याचा संभव कमी. म्हणून ‘गोळी सोडण्यामागे त्रास हे एक कारण आहे’ हे विधान गावात असलेल्या मातांपुरते ठामपणे करता येते. ते ऊसतोडीच्या मातांना मात्र लावू नये, कारण तिथे गोळी हातात पडते की नाही हाच मुख्य प्रश्न असू शकतो.

हिमोग्लोबिनशी तुलना केली असेल तर आणखी जपावे. रक्तक्षय आढळलेल्या गरोदर मातेला रोज एकाऐवजी दोन गोळ्या देतात, त्यामुळे जास्त गोळ्या घेणाऱ्यांचेच हिमोग्लोबिन कमी दिसू शकते. एकाच वेळच्या पाहणीतून ‘परिणाम’ हा शब्द वापरू नये, ‘संबंध आढळला’ एवढेच म्हणावे, आणि सारांशातही तसाच बदल करावा. बहुतेक जण मर्यादांच्या प्रकरणात नम्र होतात आणि सारांशात पुन्हा ठाम.

आपल्या विद्यापीठाचे नियम मला ठाऊक नाहीत, त्यामुळे मार्गदर्शकांना विचारूनच पुढे जावे. बंद घरांची यादी अजून हाती असेल तर प्रत्येक घरापुढे ‘ऊसतोड’, ‘माहेरी’ किंवा ‘कारण कळले नाही’ अशी नोंद आशाताईंना विचारून आताच करून ठेवावी.