टॉर्क, हॉर्सपॉवर आणि कुंभार्ली घाटातला तिसरा गिअर

प्रश्न: पहिलीच गाडी घेतोय. एका ब्रोशरमध्ये ८३ पीएस @ ६००० आरपीएम आणि ११३ एनएम @ ४४०० आरपीएम लिहिलंय. त्याच आकाराच्या दुसऱ्या टर्बो गाडीला १०० पीएस @ ५५०० आणि १६० एनएम @ १५०० ते ४०००. हॉर्सपॉवर आणि टॉर्क म्हणजे नक्की काय, आणि मी कोणता आकडा बघायचा?

उत्तर:

आपण लिहिलेले पहिले आकडे जवळजवळ तसेच्या तसे माझ्या गाडीचे आहेत. त्या आकड्यांवरून गेली काही वर्षे घरातल्या लग्नसमारंभांत माझी चेष्टा होत आली आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

टॉर्क म्हणजे पिळण्याचे बळ. चाकाचा नट आवळताना पाव मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकावर आपण सुमारे ४६ किलोचा भार टाकला, तर त्या नटावर साधारण ११३ न्यूटन मीटर, म्हणजेच ११३ एनएम टॉर्क पडतो. गाडीचे संपूर्ण इंजिन जास्तीत जास्त जेवढे पिळते, तेवढे आपणही रस्त्याच्या कडेला घाम गाळत पिळू शकतो. फरक इतकाच, की आपण तो पान्हा मिनिटभरात पाच-सहा वेळा फिरवतो आणि इंजिन त्याच जोराने ४४०० वेळा फिरवते. बळ आणि वेग एकत्र धरले की जे मिळते ती शक्ती, आणि तीच पीएस, बीएचपी किंवा किलोवॅटमध्ये लिहिली जाते. बीएचपी आणि पीएस यांत दीड टक्क्याचाही फरक नाही, त्यामुळे त्यावरून डोके शिणवू नये. किलोवॅट दिले असतील तर १.३६ ने गुणावे.

शक्ती आणि टॉर्क ही दोन वेगळी वरदाने नाहीत. टॉर्कला आरपीएमने, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी, गुणून ७०२४ ने भागले की पीएस मिळतात. आपल्या पहिल्या गाडीचे ११३ गुणिले ४४०० भागिले ७०२४ करून पाहा. ७१ पीएसच्या आसपास उत्तर येईल. मग ८३ कुठून आले? ते ६००० फेऱ्यांवर आले, आणि उलटा हिशेब केला तर कळते की तिथे टॉर्क ९७ पर्यंत उतरलेला आहे. म्हणजे ब्रोशरमधले दोन आकडे एकाच वेळी कधीही मिळत नाहीत. माझ्या मते पहिली गाडी घेणाऱ्याने @ या चिन्हाच्या आधीचा आकडा नंतर वाचावा आणि नंतरचा आधी वाचावा. शहरात आणि घाटात आपण इंजिन ६००० वर कधी नेतच नाही. मी गाडी घेतल्यापासून ते दोनदा नेले असेल, आणि दोन्ही वेळा पत्नीने काय झाले म्हणून विचारले.

आता कुंभार्ली घाट. मी २०१७ साली गाडी घेतली, तेव्हा माझे साडू सोबत आले होते. त्यांनी शोरूममध्येच टर्बो गाडीचा आग्रह धरला होता आणि मी अंथरूण पाहून पाय पसरले होते. पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्ही चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालो. गाडीत आम्ही दोघे पती-पत्नी, साडू, मेहुणी आणि सासरे, मागे आंब्याच्या दोन पेट्या, आणि उकाड्यामुळे एसी पूर्ण वेगात. पोफळी सोडल्यावर चढ सुरू झाला आणि पुढे मालाने भरलेला एक ट्रक आला. मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो. ट्रकचा वेग ताशी वीसवर आला, मीही वीसवर आलो, आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी वेग घेईना. इंजिन थरथरू लागले, खालून घोगरा आवाज येऊ लागला, आणि वळणाच्या तोंडाशी ते बंद पडले. मागच्या बसने हॉर्न दिला. साडू शांतपणे म्हणाले, “अहो, हे त्र्याऐंशी घोडे कागदावरचेच दिसतात. टर्बो असती तर चढली असती.” सासरे काही बोलले नाहीत, याचे मला अधिक वाईट वाटले.

मी पंचवीस वर्षे गिअर कापण्याच्या कारखान्यात काम केले आहे, तेव्हा घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलो. एक पीएस म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. गाडी, पाच माणसे आणि आंबे मिळून सुमारे १४०० किलो झाले. चढ बारा मीटरला एक मीटर धरला आणि वेग ताशी वीस किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर धरला, तर गाडी दर सेकंदाला सुमारे ४६ सेंटिमीटर वर जाते. १४०० किलो इतके उचलायला साडेआठ पीएस लागतात. टायरच्या घर्षणाला दीड, गिअरमधल्या नुकसानीला एक आणि एसीला तीनेक धरले, तर एकूण चौदा पीएस झाले. त्र्याऐंशीपैकी फक्त चौदा! मग गाडी बंद का पडली?

उत्तर आरपीएममध्ये आहे. माझ्या गाडीत तिसऱ्या गिअरला ताशी वीस म्हणजे इंजिनाच्या जेमतेम हजार-अकराशे फेऱ्या होतात. इतक्या खाली असे साधे पेट्रोल इंजिन अंदाजे ८५ एनएम देते, आणि वरच्या हिशेबाने त्याचे साडेबारा पीएस होतात. लागत होते चौदा, मिळत होते साडेबारा; त्यामुळे फेऱ्या घटल्या, फेऱ्या घटल्या म्हणून शक्ती आणखी घटली, आणि हे चक्र इंजिन बंद पडूनच थांबले. मी वेळेवर दुसरा गिअर टाकला असता तर त्याच वेगाला दीड हजार फेऱ्या झाल्या असत्या आणि वीस पीएस मिळाले असते. म्हणजे चूक गाडीची नव्हती, माझी होती. कारखान्याची डिझेल जीप चालवून मला कमी रेसवर वरचा गिअर ठेवण्याची सवय जडली होती, आणि साध्या पेट्रोल इंजिनाला ती सवय चालत नाही.

परंतु साडूंचे म्हणणेही बरोबर नव्हते, आणि हे मी इथे मुद्दाम लिहितो आहे. त्यांच्या आवडत्या गाडीचा १६० एनएम टॉर्क १५०० फेऱ्यांपासून सुरू होतो, असे ब्रोशरच सांगते. टर्बो हा इंजिनाच्या धुराने फिरणारा पंखा आहे. हजार-अकराशे फेऱ्यांवर पुरेसा धूरच नसतो, त्यामुळे तो हवा भरू शकत नाही. त्या वेळी आपल्याकडे उरते ते एक लिटरचे साधे इंजिन, म्हणजे माझ्या बाराशे सीसीपेक्षाही लहान. त्या वळणावर, त्या गिअरमध्ये, तीही गाडी तशीच गुदमरली असती. हा हिशेब मी साडूंना दोनदा कागदावर मांडून दाखवला आणि दोन्ही वेळा त्यांनी विषय मायलेजकडे वळवला.

तरीही टर्बोचे एक देणे मान्य करायला हवे. गाडी एकदा दीड हजारावर गेली की १६० एनएममधून चौतीस पीएस मिळतात, तर तिथे माझ्या गाडीला वीस-एकवीसच मिळतात. चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसने तोच चढ चढताना मला गिअर बदलावा लागतो आणि टर्बोवाल्याला नाही. रोज घाट असेल, गाडी कायम भरलेली असेल, गिअर बदलण्याचा कंटाळा असेल, तर ती सोय पैसे मोजण्यासारखी आहे. आठवड्यातून सहा दिवस एकटे कार्यालयात जाऊन यायचे असेल, तर साधे इंजिन घ्या आणि उजवा पाय थोडा मोकळा सोडायला शिका. टॉर्क जास्त म्हणजे ताकद जास्त, असे विक्रेता म्हणाला तर त्याला विचारा, किती फेऱ्यांवर? माझ्या वेळच्या विक्रेत्याने त्यावर मला गाडीचे उपलब्ध रंग दाखवले होते.

टेस्ट ड्राइव्हला घरची चार माणसे सोबत न्या, कारण एकट्याने रिकामी गाडी चालवून यातले काहीच कळत नाही. एसी चालू ठेवून जवळच्या एखाद्या खऱ्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंधरापर्यंत वेग येऊ द्या आणि मग पेडल हळूहळू दाबा. गाडी थरथरली, किंवा क्षणभर काहीच न होता नंतर एकदम झेप घेतली, तर घाटातल्या वळणावर नेमके काय होणार आहे ते तिथेच समजेल. हीच चाचणी दोन्ही गाड्यांवर एकाच चढावर करा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ब्रोशरमधले आकडे इंजिनाच्या टोकावरचे असतात, चाकावर त्याहून कमी पोहोचते. मोकळ्या महामार्गावर ताशी शंभरला ट्रक ओलांडताना मात्र कमाल पीएसचा आकडा खरोखर कामाला येतो, कारण तिथे गिअर खाली टाकून आपण इंजिन वर नेऊ शकतो. दोन गाड्यांची तुलना करताना वजनही पाहावे; ब्रोशरमध्ये ते अनेकदा सापडत नाही, पण त्याच मॉडेलची गाडी कोणाकडे असेल तर तिच्या आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन छापलेले असते. आणि सीएनजीचा विचार असेल तर पेट्रोलचे आकडे विसरून सीएनजीची वेगळी ओळ शोधा. नव्वदच्या आसपास पीएस असलेल्या बाराशे सीसी इंजिनाचे सीएनजीवर सत्त्याहत्तर होतात, टॉर्कही ११३ वरून शंभराच्या खाली येतो, आणि वर टाकीचे वजन वाढते. अशा गाडीने कुंभार्ली चढताना दुसरा गिअर माझ्यापेक्षा एक वळण आधी टाका.