काळ-काम-वेगाची गणितं: एक्स धरत बसू नकोस

पोलीस भरतीच्या पेपरात काम-काळ आलं की लगेच १/१२ + १/१८ करत बसू नको रे, त्यात वेळ जातो. सरळ दिवसांचा लसावि काढ आणि तेवढंच एकूण काम समज. अ ला १२ दिवस, ब ला १८, लसावि ३६, म्हणजे अ रोज ३ युनिट करतो, ब २. दोघं मिळून ५, म्हणून ३६ भागिले ५, सव्वासात नाही हां, ७ पूर्णांक १/५ दिवस. खरी मजा अ मधेच सोडून जातो तेव्हा, समजा ४ दिवसांनी गेला तर २० युनिट झाले, उरले १६, ब एकटा ८ दिवसांत उरकतो, अपूर्णांक कुठेच नाही. टाकी-नळालापण हेच, फक्त गळती वजा.

रेल्वेत आधी ताशी किमीला ५/१८ ने गुण. ७२ चे झाले २० मीटर सेकंदाला, गाडी १५० मीटर, प्लॅटफॉर्म २५०, तर ४०० भागिले २०, वीस सेकंद. खांब असेल तर फक्त गाडीची लांबी, ७.५ सेकंद, आणि ऑप्शनमध्ये दोन्ही उत्तरं मुद्दाम दिलेली असतात.

जाताना ४०, येताना ६० असेल तर सरासरी ५० नाही, २×४०×६०/१००, म्हणजे ४८. पण अंतर सारखं असेल तरच, वेळ सारखा दिला असेल तर ५०च बरोबर.