कड थरथरते तेव्हा

व्हिडिओत वक्त्यामागची पार्श्वभूमी बदलताना, वक्त्याला आपोआप वेगळं कापणाऱ्या ऑटोमॅटिक मास्कवर पूर्ण विसंबू नकोस. आधी तो अख्ख्या क्लिपवर चालव आणि वक्त्यामागे भडक लाल रंग ठेवून बघ; कुठे कड थरथरते, कुठे बोटं गायब होतात, ते लगेच दिसतं. धड आणि खांदे बहुतेक वेळा ठीक येतात. हलणारा हात मात्र वेगळ्या रोटो शेपने, म्हणजे स्वतः आखलेल्या बाह्यरेषेने काप. हालचालीच्या दोन टोकांना कीफ्रेम दे, म्हणजे तिथल्या फ्रेमवर शेपची जागा पक्की कर, मग मधली फ्रेम दुरुस्त कर. प्रत्येक फ्रेमला कीफ्रेम दिलीस तर कड वळवळते. केसांच्या बटांत जुन्या भिंतीचा रंग थोडा उरतोच. म्हणून नवी पार्श्वभूमी साधारण तेवढ्याच उजेडाची निवड. पांढऱ्या भिंतीसमोरचा माणूस अंधाऱ्या खोलीत बसवलास तर डोक्याभोवती पांढरी रेघ चमकेल.