पॅनेलवर बोट एकीकडे, बाण दुसरीकडे

प्रश्न (अमळनेर तालुका): शाळेला ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल मिळाले आहे. लॅपटॉप जोडला की चित्र दिसते, पण पॅनेलवर बोट टेकवले की बाण लॅपटॉपच्या पडद्यावर हलतो. पेन मोडमध्ये लिहिलेलेही नंतर पीपीटीत सापडत नाही. काय चुकते आहे?

मॅडम, बाण हलतो आहे, म्हणजे तुमच्या वायरी ठीक आहेत. एचडीएमआयची वायर फक्त चित्र नेते. बोटाचा स्पर्श लॅपटॉपपर्यंत आणते ती पॅनेलच्या टच पोर्टमधून येणारी वेगळी यूएसबी वायर. लॅपटॉप Extend वर असला की विंडोजपुढे दोन पडदे असतात, आणि टच कोणत्या पडद्याचा हे आपण सांगितले नसेल, तर तो मुख्य पडद्याचा, म्हणजे बहुधा लॅपटॉपचा, धरला जातो. ते सांगण्यासाठी Win+R दाबून हे टाइप करा:

```
multidigimon.exe -touch
```

एका पडद्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर सूचना येईल. ती लॅपटॉपवर आली तर स्पर्श न करता Enter दाबा, आणि पॅनेलवर आली की तिथे बोट टेकवा.

Win+P दाबून Duplicate केले तरी ही अडचण जाते, पण मग दुसरी येऊ शकते. चोपड्याकडच्या एका वर्गात मी तसे केले, तेव्हा फळ्याच्या मध्यभागी बोट बरोबर लागे आणि कडेला जावे तसा बाण आत सरके. अगदी कडेला तो चार बोटे आत असे, वर-खाली मात्र काहीच फरक नव्हता. लॅपटॉप १९२०×१२०० चा होता, त्यामुळे पॅनेलवर चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या होत्या, आणि टच मात्र पट्ट्यांसकट सगळी रुंदी मोजत होता. रिझोल्यूशन १९२०×१०८० केले आणि पट्ट्यांबरोबर चूकही गेली.

आता पेन. पॅनेलच्या कडेच्या पट्टीवरचे पेन हे पॅनेलच्या स्वतःच्या अँड्रॉइडचे असते. ते चित्रावर काच ठेवून लिहावे तसे लिहिते. लॅपटॉपला त्याचा पत्ताही नसतो, आणि ते बंद करेपर्यंत तुमचा स्पर्शही लॅपटॉपकडे जात नाही. जतन केले तर ते चित्र म्हणून पॅनेलमध्येच राहते. लिहिलेले पीपीटीत हवे असेल, तर स्लाइड शो चालू असताना Ctrl+P दाबून पॉवरपॉइंटचेच पेन घ्या, बाण परत हवा तर Ctrl+A दाबा, आणि शेवटी विचारल्यावर Keep निवडून फाईल सेव्ह करा.

एक राहिले. इन्फ्रारेड चौकटीच्या पॅनेलला पेनाची टोके, बोट आणि साडीचा पदर सारखेच, कारण किरण अडला एवढेच त्याला कळते. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट चौकटीवर आले, तर आपोआप रेघा उमटू लागतात. तेव्हा सेटिंग शोधण्याआधी पडदा ओढून पाहा.