पानशेत नवव्या भागात फोडू नकोस

प्रिय,

पानशेतच्या पुरावरच्या तुझ्या श्राव्य मालिकेचा दहा भागांचा तक्ता मिळाला. मुलाखती चांगल्या झाल्या आहेत, विशेषतः नारायण पेठेतल्या आजींची. तक्ता मात्र उलटा मांडला आहेस. पहिले आठ भाग पार्श्वभूमी, नवव्यात धरण फुटतं, दहाव्यात आठवणी. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तेच वाक्य, ‘पुढे काय झालं, ऐका पुढच्या भागात.’

अरे, पुढे काय झालं हे कुणाला माहीत नाही? 12 जुलै 1961, सकाळी पानशेत फुटलं, दुपारी खडकवासला फुटलं, मुठा शहरात शिरली. पुण्यातल्या कुठल्याही घरात विचार, निम्मी गोष्ट आजोबाच सांगतील. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते आठ भाग दाबून ठेवलंस तर ऐकणारा चिडतो. त्याला आपण फसवले जातोय असं वाटतं, आणि त्याचं बरोबर असतं.

म्हणून आधी एक गोष्ट मनात पक्की कर: भाग घटनेवर संपवू नकोस, प्रश्नावर संपव. तोही असा, की भाग सुरू झाला तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात जो प्रश्न होता, त्यापेक्षा वेगळा. प्रश्न बदलला नसेल तर भाग झालेलाच नाही, नुसता वेळ गेलाय.

आता तुझाच माल नव्याने मांडून दाखवतो. धरण फुटल्याचं पहिल्या भागाच्या पहिल्या मिनिटात सांगून टाक. सरळ, कोरडं, तारखेसकट. मग त्याच भागात विचार, काम अर्धवट असताना त्या पावसाळ्यात पाणी अडवलंच का? संपला भाग. दुसऱ्यात त्याचं उत्तर: आंबी नदी, मातीचं धरण, पाणी सोडायच्या नळाचं बांधकाम, दरवाज्यांचं अपुरं काम. इथे कागदपत्रांत रमायचा मोह होईल, पण आठ मिनिटांच्या वर जाऊ नकोस. शेवटी प्रश्न बदलतो: धोका आधी कुणाला दिसला? तिसरा भाग 11 जुलैची रात्र. जवान धरणावर वाळूची पोती रचताहेत, पाऊस थांबत नाही. शेवटचा प्रश्न असा, की पोती वाहणाऱ्याला जे कळत होतं, ते शहरात कुणाला कळलं होतं? याचं उत्तर तुझ्या तोंडी घालणार नाही. ते त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांत आणि चौकशीच्या अहवालात शोध.

चौथ्यात पानशेत फुटतं. चौथ्याच भागात. आणि इथेच या मालिकेतला सगळ्यात मोठा क्लिफहँगर आहे, जो तुझ्या तक्त्यात एका ओळीत उरकलाय. पानशेतचं पाणी खाली खडकवासल्यावर येऊन धडकलं, आणि ते एकोणिसाव्या शतकातलं दगडी धरण लगेच गेलं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत ते उभं राहिलं. कोसळतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या तासांत काय करता आलं असतं, हे कुणालाच माहीत नाही. चौथा भाग तिथे तोड, आणि पाचवा अख्खा त्या तासांना दे. कोण पुलावर पाणी बघायला गेलं, कोण सामान माळ्यावर टाकत बसलं, कोण मुलांना घेऊन उंचावर पळालं. तुझ्या आजी सांगतात ना, पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर आल्यावर त्यांच्या सासूबाईंनी आधी पितळी डबा उचलला, त्यात मुलांचे शाळेचे दाखले होते? ही चाळीस सेकंदांची क्लिप पाचव्या भागाचा कणा आहे. तू ती दहाव्यात, संगीताखाली ठेवली आहेस.

मग सहावा, शहर: नदीकाठच्या पेठा, पूल. हा शांतपणे पूर्ण संपव, शेवटी काही लटकवू नकोस. इतकं पाणी ऐकल्यावर माणसाला श्वास घेऊ दे. दहापैकी दोन भाग असे मिटलेले हवेतच, सहावा आणि दहावा. सातवा घसरण्याचा असतो, सगळ्यांच्या मालिका तिथेच मरतात. पूर ओसरलाय, आता सांगायचं काय? सांग की पाणी ओसरलं आणि पिण्याचं पाणी गेलं, कारण शहराला पाणी देणारं खडकवासलाच उरलं नव्हतं. चिखलाने भरलेल्या घरात प्यायला घोट नाही. एवढ्यावर सातवा उभा राहतो. शेवटी प्रश्न सरकतो: जबाबदार कोण? आठवा चौकशीचा, आधी बावडेकर आयोग, मग नाईक आयोग; नववा गोखलेनगर, लोकमान्यनगर इथे वसवलेली माणसं. दहाव्यात नवीन माहिती नको. भिंतींवरच्या पुराच्या रेषा दाखवणारा माणूस तू रेकॉर्ड केला आहेस, त्याला बोलू दे.

सदरांबद्दल लिहितोस, दर भागात चार ठेवू का? दोन पुरे. ‘पातळी’ आणि ‘वस्तू’. पातळी म्हणजे भागाच्या सुरुवातीला वीस-तीस सेकंद, पाणी आता कुठे आहे, बस. वस्तू म्हणजे मध्यावर एका माणसाने वाचवलेली किंवा गमावलेली एक गोष्ट. पण सदर हे घड्याळासारखं चालत नसतं, ते मोडता आलं पाहिजे. पाचव्या भागात पातळी सुरुवातीला देऊच नकोस. शेवटच्या मिनिटाला दे. चार भाग जी गोष्ट आधी ऐकायची सवय लागली, ती उशिरा आली की ऐकणारा खुर्चीत पुढे सरकतो. सातव्यापासून पातळी बंद. पाणी गेलंय.

आणि प्रश्न ठेवायचा कुठे? अगदी शेवटच्या शब्दावर नको. शेवटापासून साधारण चाळीस सेकंद आधी ठेव, मग एक छोटी क्लिप, ज्यात त्या प्रश्नाची सावली आहे, मग थांब. नामावली त्यानंतर, आणि तीही चार नावांत. पुढचा भाग सुरू झाल्यापासून दोन मिनिटांच्या आत त्या प्रश्नाला हात घालायचा, पूर्ण उत्तर नसलं तरी. दोनदा टाळलंस तर तिसऱ्या वेळी तो ऐकणार नाही.

मला एका रेडिओ केंद्रावर वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं, ‘शेवटी झटका हवा.’ मी दिले झटके, पगार मिळायचा. त्या मालिका मला आज स्वतःला ऐकवत नाहीत. नंतर झटके सोडले तेव्हा म्हणायचे, हा म्हातारा हट्टी आहे, प्रश्न-प्रश्न करतो. असू दे. प्रश्न बदलला नाही, तर भाग झालेला नाही. हे मी पुन्हा लिहितोय, कारण तू पुढच्या तक्त्यात पुन्हा घटनेवरच तोडशील, मला माहीत आहे.

तसं होऊ नये म्हणून एक कर. तक्त्यात भागाच्या नावापुढे दोन रकाने आखून घे: ‘ऐकणारा कशासाठी आला’ आणि ‘काय विचारत गेला’. दोन्हीत एकच मजकूर निघाला की तो भाग काप, किंवा शेजारच्यात जोड. तुझ्या जुन्या तक्त्यात दुसरा, तिसरा, चौथा, सहावा असे सरळ जोडता येतात, करून बघ. एकेका भागाला आठ-नऊ मिनिटं, म्हणजे साधारण हजार शब्द. त्यात क्लिप धरूनच. तुझं निवेदन सहाशेच्या आत राहिलं पाहिजे.

पहिल्या भागाची संहिता पाठवू नकोस, ती सगळ्यांना छान जमते. पाचव्याची पाठव, आणि डब्याची क्लिप कितव्या मिनिटाला ठेवलीस ते वर लिही.