‘पोस्ट शेड्यूल करणे’ एवढ्यावर भागत नाही

सोशल मीडिया सांभाळणाऱ्या माणसासाठीच्या नोकरीच्या जाहिरातीत ‘पोस्ट शेड्यूल करणे’ एवढंच लिहिलंस, तर तसाच माणूस मिळेल. खरं काम आहे बंद पडलेलं ओळखणं. शेड्यूलिंगच्या टूलला आपल्या वतीने पोस्ट टाकू देणारा डिजिटल परवाना, म्हणजे इन्स्टाग्रामचं लाँग-लिव्ह्ड टोकन, 60 दिवस चालतं; मुदतीआधी रिफ्रेश केलं नाही, तर पोस्ट जाणं थांबतं. आमच्याकडे असंच झालं. शेड्यूल केलेल्या पोस्टच्या रांगेत सगळं हिरवं, पेजवर मात्र नऊ दिवस काहीच नाही! एररचा मेल सोडून गेलेल्या मुलाच्या इनबॉक्समध्ये पडला होता.

म्हणून स्पष्ट लिही: रोज सकाळी प्रत्यक्ष पेज उघडून कालची पोस्ट दिसतेय का बघणे, टोकनच्या तारखा कॅलेंडरवर ठेवणे, एररचे मेल सामायिक पत्त्यावर वळवणे. आणि वाईट बातमी आली की अख्खी रांग थांबवण्याचा अधिकार त्याचाच, विचारत बसायचं नाही. डिझाइन वगैरे यात कोंबू नकोस.