पहिलीत चार महिने बसलेला मुलगा इंग्लंडमध्ये थेट इयर टूमध्ये?

प्रश्न: मुलाचा जन्म १४ जुलै २०१९चा. जून २०२५मध्ये महाराष्ट्रात पहिलीत बसला. आता नवऱ्याच्या कामासाठी दोन वर्षं इंग्लंडला आलोय. कौन्सिलने त्याला इयर टूमध्ये जागा दिली आहे. पहिलीसुद्धा पूर्ण नाही, मग दुसरीत कसा? इयर वन मागून घ्यावं का?

उत्तर:

कौन्सिलची चूक झालेली नाही. तिथे मूल काय शिकून आलंय ते कुणी बघत नाही, फक्त जन्मतारीख बघतात. इंग्लंडमध्ये एका वर्गात १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुलं असतात. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे वर्ग साधारण जानेवारी ते डिसेंबर असा बनतो. हे दोन चौकोन एकमेकांवर ठेवून बघा. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांचा आकडा जुळतो, पहिलीतलं मूल इयर वनमध्येच जातं. जानेवारी ते ऑगस्टमधली मुलं मात्र तिथे एक आकडा पुढे जातात. तुमचा मुलगा नोव्हेंबरात जन्मला असता तर हा प्रश्नच पडला नसता. (केंद्रीय विद्यालयासारख्या ज्या शाळा सहा वर्षं ३१ मार्चला मोजतात, तिथल्या मुलांचा हिशेब वेगळा लागतो, तो इथे लावू नका.)

फरक नक्की किती आहे ते बघू. त्याच्या वयाची इंग्लंडमधली मुलं सप्टेंबर २०२३मध्ये रिसेप्शनला, म्हणजे इयर वनच्या आधीच्या वर्गात बसली, २०२४मध्ये इयर वनला. तुमचा मुलगा त्याच वेळी ज्युनियर आणि सीनियर केजीत होता. म्हणजे शाळेत घालवलेली वर्षं सारखीच आहेत, फक्त त्या वर्षांत शिकवलेलं वेगळं आहे. ‘एक वर्ष बुडालं’ असं वाटतं, पण खरी दरी एकाच ठिकाणी आहे, आणि ती म्हणजे फोनिक्स, ध्वनींवरून इंग्रजी वाचणं. गणितात तो बहुधा मागे पडणार नाही.

माझी मुलगी ऑगस्टची. आम्ही इंग्लंडला आलो तेव्हा तीही पहिलीचे थोडेच महिने करून इयर टूमध्ये बसली होती. तिला इंग्रजी शब्द वाचता येत होते, म्हणून मी निर्धास्त होते. एके दिवशी बाईंनी तिच्यासमोर सरावाचं एक कार्ड धरलं. त्यावर एक विचित्र प्राणी आणि खाली strom असा शब्द. तिने क्षणभर बघितलं आणि आत्मविश्वासाने म्हणाली, ‘स्टॉर्म’. बाईंनी कार्ड खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, ही वाचत नाही, ओळखते. शब्द अर्थहीनच होता, मुद्दाम बनवलेला, आणि ध्वनी क्रमाने जोडणाऱ्या मुलानेच तो बरोबर वाचला असता. आपल्या मुलांनी शब्द स्पेलिंगसकट पाठ केलेले असतात, ते वरून वाचनासारखंच दिसतं. तुमच्याकडे हेच आहे का, ते घरी दोन मिनिटांत कळतं. असे दहा-बारा खोटे शब्द लिहून द्या. तो त्यांचे खरे शब्द करत असेल तर काम तिथे आहे.

हे महत्त्वाचं अशासाठी की इयर वनच्या शेवटी, जूनमध्ये, सगळ्यांची फोनिक्स तपासणी होते. चाळीस शब्द, निम्मे खरे, निम्मे बनावट. इयर वनमध्ये ज्यांची ती झालेली नाही, त्यांची इयर टूमध्ये होते. म्हणजे तुमच्या मुलाची जून २०२६मध्ये होईल आणि हातात आठेक महिने आहेत. त्याच्या निकालावर वर्ग अडत नाही. तिथे प्राथमिक शाळेत मूल वयाप्रमाणे पुढे सरकतं, नापास करून बसवत नाहीत. पहिल्या भेटीत वर्गशिक्षकांना एवढंच विचारा की शाळा कोणती फोनिक्स योजना वापरते आणि हा तिच्या कुठल्या टप्प्यावर बसतो. मग त्याच टप्प्याची पुस्तकं घरी द्या म्हणावं. बाजारातली भलतीच वर्कबुकं आणू नका, ध्वनी शिकवायचा क्रम वेगळा असला की मूल गोंधळतं. आम्ही रोज रात्री पंधरा मिनिटं हेच केलं. मुलीची गाडी इस्टरच्या सुट्टीच्या आसपास रुळावर आली.

आता इयर वन मागण्याबद्दल. मागता येतं. पालक वयाच्या गटाबाहेर प्रवेशाची विनंती करू शकतात, आणि ती कौन्सिलच्या शाळेसाठी कौन्सिलकडे, ट्रस्ट चालवत असलेली अकॅडमी शाळा असेल तर त्या ट्रस्टकडे जाते. मुलाची शैक्षणिक, सामाजिक, भावनिक वाढ, आजारपण, वेळेआधीचा जन्म आणि मुख्याध्यापकांचं मत बघून निर्णय होतो. ‘आमच्याकडे पहिलीत होता’ किंवा ‘इंग्रजी कच्चं आहे’ एवढ्यावर सहसा भागत नाही. नवीन भाषा शिकणारं मूलही समवयस्कांतच बसवायचं, अशीच तिथली रीत आहे. आणि त्या शाळेत जागा मिळाली आहे पण हवं ते इयर मिळालं नाही, एवढ्यासाठी अपील करायचा हक्क नसतो.

मिळालंच इयर वन, तरी पुढे भानगडी आहेत. माध्यमिक शाळेत जाताना पुन्हा विनंती करावी लागते आणि ती शाळा वेगळं ठरवू शकते. मग मूल एकदम एक इयर उडी मारून पुढे जातं. तुमच्या मुलाची वेळेआधीची प्रसूती किंवा उशिरा बोलणं असं काही असेल, तर डॉक्टरांच्या कागदांसकट मागाच. नुसता अभ्यासक्रमाचा प्रश्न असेल तर माझं स्पष्ट मत, इयर टू घ्या.

तुमच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे, तुम्ही परत जाणार आहात. समजा जून २०२७मध्ये गेलात. तेव्हा तो इयर थ्री संपवत असेल. महाराष्ट्रात राहिला असता तर पहिली २०२५, दुसरी २०२६, म्हणजे जून २०२७मध्ये तिसरी. त्याने तिसरीतच बसायचं. इथे लोक चुकतात. ‘इयर थ्री झालं, चौथीत घ्या’ असा आग्रह धरतात, शाळाही कधीकधी मान्य करते, आणि मूल वर्गात सगळ्यात लहान होऊन बसतं. तेही जोडाक्षरं विसरलेलं असताना! मराठी महाराष्ट्रातल्या शाळांत सक्तीचा विषय आहे आणि तिसरीच्या पुस्तकातले परिच्छेद दोन वर्षं देवनागरी न पाहिलेल्या मुलाला जड जातात. म्हणून भारतातून निघण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला काढला नसेल तर कुणाला तरी पाठवून काढून घ्या. त्यात जन्मतारीख आणि इयत्ता पहिली स्पष्ट असू दे. इंग्लंडमधून निघताना शाळेचा वार्षिक अहवाल घ्या आणि महाराष्ट्रातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना दोन्ही कागद एकत्र दाखवा. त्यावरून इयर थ्री आणि तिसरी यांतला फरक त्यांना पाच मिनिटांत समजावता येतो.

दुसरीचं बालभारती मात्र आत्ताच सोबत मागवून ठेवा. फोनिक्स स्थिरावलं की आठवड्यातून दोन पानं पुरतात.